रोज, काल आणि उद्या : रोजनिशीतून काळ शिकवताना

*"नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, वर्गात २७ मुलं आहेत. काळ शिकवायचे म्हणून जूनच्या शेवटी सगळ्यांना रोजनिशी लिहायला लावली, रोज रात्री घरी लिहायची आणि सकाळी मला दाखवायची. आता तीन आठवडे झाले, पण सगळ्या वह्यांत रोज तेच, ‘मी सकाळी उठतो, दात घासतो, अंघोळ करतो, शाळेला जातो’. भूतकाळ येतच नाही, आणि आला तर ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी दात घासलो’. काही मुली तर ‘मी मामाकडं गेलो’ लिहितात. गंमत म्हणजे फळ्यावर ‘काळ ओळखा’ दिलं की ह्याच मुलांना दहापैकी दहा. लाल पेनाने दुरुस्त करून करून हात दुखायला लागलाय. रोजनिशीची कल्पनाच चुकली का? — चौथीची एक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा"*

ताई, रोजनिशी बंद करू नका, फक्त ती रात्रीची सकाळवर आणा आणि मुलांना विचारायचा प्रश्न बदला, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथंच आहे.

‘दिवसभरात काय करतोस ते लिही’ असं म्हटलं की मूल बरोब्बर ‘उठतो, घासतो, जातो’ असंच लिहिणार. त्यात त्याची काहीच चूक नाही, प्रश्नच ‘करतोस’ असा आहे ना. ‘उठतो, घासतो’ म्हणजे दिनक्रम, रोज होणारी गोष्ट, आणि मराठीत ती वर्तमानकाळातच सांगतात. रोजनिशी ही वेगळीच चीज आहे. तिच्यात एका ठरावीक दिवशी काय झालं ते येतं, म्हणजे ती मुळातच भूतकाळी. आपण मोठी माणसं हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो आणि पोरं आपण म्हणू ते इमानदारीने लिहितात. मी सुद्धा पहिली दोन वर्षं हेच केलं, शंभर पानी वह्या ‘दात घासतो’ने भरल्या आणि मला वाटायचं मुलांना भूतकाळ कळत नाहीये. पण मधल्या सुट्टीत हीच मुलं भांडण सांगायला यायची तेव्हा ‘बाई ह्यानं मला ढकललं, मी पडलो, मग मी पण त्याला मारलं’ असा सगळा भूतकाळ बिनचूक यायचा की. काळ त्यांच्या तोंडात आहेच ताई, तो कागदावर कसा उतरवायचा आणि त्याला काय म्हणायचं एवढंच आपलं काम.

मग मी काय केलं ते सांगते. दिनक्रम एकदाच लिहून घ्यायचा, वहीच्या पहिल्या पानावर, मथळा ‘माझा रोजचा दिवस’. सात आठ वाक्यं पुरतात, ‘मी सहाला उठतो. आज्जी चूल पेटवते. मी डेअरीला दूध घालायला जातो. मी सायकलनं शाळेला येतो.’ असं. हे पान परत लिहायचं नाही, वर्षभर तिथंच राहणार. हा झाला वर्तमानकाळ, आणि हे पान म्हणजे मोजपट्टी. दुसऱ्या दिवसापासून रोज फक्त एवढंच विचारायचं, की काल ह्याच्यापेक्षा वेगळं काय झालं? रोज सहाला उठतोस, काल कितीला उठलास? रोज सायकलनं येतोस, काल कसा आलास? ‘रोज’ आणि ‘काल’ शेजारी शेजारी आले की ‘उठतो’चं ‘उठलो’ का झालं हे मुलाला आपोआप दिसतं, आपल्याला व्याख्या सांगावी लागत नाही. आणि काही वेगळं झालंच नसेल तर? तसं फार कमी वेळा होतं, पण झालंच तर ‘काल पण मी सहाला उठलो’ असं एक वाक्य लिहून पुढं जायचं, ते सुद्धा कामाचंच आहे.

वेळ मात्र सकाळचीच ठेवा, परिपाठ झाला की पहिल्या तासाची दहा मिनिटं, सगळ्यांनी वर्गातच लिहायचं. रात्री घरी लिहिताना दिवस अजून चालूच असतो, भाकरी व्हायची असते, टीव्ही चालू असतो, त्यामुळे मूल ‘आज’ने सुरुवात करतं आणि ‘आज’ हा शब्द लई फसवा आहे, त्याच्याकडं नंतर येते. सकाळी लिहिलं की कालचा दिवस संपलेला असतो, झाकण लागलेलं असतं. शिवाय घरी लिहिताना ताई दादा शेजारी बसून सांगतात आणि वाक्य त्यांचं होतं.

पहिला आठवडा फक्त ‘काल’. तीन वाक्यं, जास्त नाही. दुसऱ्या आठवड्यात खाली एक ओळ वाढवायची, ‘उद्या’. आणि ह्या एका ओळीवरच माझा सगळा भरवसा आहे, कारण ती ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी परत उघडायची असते. काल जो ‘उद्या’ म्हणून लिहिला तो दिवस आता उजाडलेला असतो, मग तोवर ते झालं का नाही झालं हे लिहायचं. एकच क्रियापद एका दिवसात भविष्यकाळातून भूतकाळात येतं आणि ते पोराच्या स्वतःच्या वहीत येतं, त्यामुळे ते लक्षात राहतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची दोन पानं मला अजून आठवतात, ती जशीच्या तशी सांगते. बुधवारी त्याने लिहिलं :

रोज मी सायकलनं शाळेला येतो. काल सायकल पंक्चर झाली. मी चालत आलो. मला उशीर झाला. उद्या बाबा पंक्चर काढतील.

गुरुवारी लिहिलं :

बाबांनी पंक्चर काढलं नाही. बाबा उसाला पाणी पाजायला गेले. मी परत चालत आलो. उद्या मी काकाला सांगीन.

बघा ह्या नऊ वाक्यांत किती काय आलंय. ‘येतो’, ‘आलो’, आणि मग ‘काढतील’चं ‘काढलं नाही’. मी त्याला फळ्यावर तीनच शब्द लिहायला लावले, काढतात, काढलं, काढतील, आणि वर्गाला विचारलं की पंक्चर निघालं हे कुठल्या शब्दावरून कळलं? कोणीतरी म्हणालं ‘काढलं’वरून, तर हाच मुलगा उठून म्हणाला, ‘पण बाई निघालं नाही की, नाही म्हणलंय मी’. मग त्यावर पंधरा मिनिटं गेली, की झालं नाही ही गोष्ट सुद्धा कालचीच असते, भूतकाळातच बसते. हे मी ठरवून शिकवायला गेले असते तर कुणाला कळलं नसतं.

‘नाही’ निघालंच आहे तर एक सांगून ठेवते. भविष्यकाळाचं नकारार्थी वाक्य करताना रूप पूर्ण बदलतं. ‘मी जाईन’चं ‘मी जाईन नाही’ होत नाही, ‘मी जाणार नाही’ होतं. मुलं बोलताना हे बरोबर बोलतात, पण ‘नकारार्थी करा’ असा प्रश्न आला की नुसतं ‘नाही’ चिकटवतात. तेव्हा मोठ्याने म्हणून बघ एवढंच सांगायचं, कान लगेच सांगतो. आणि ‘मी उद्या जाणार’, ‘जाणार हाय’ हे सुद्धा भविष्यच आहे, त्याला चूक म्हणू नका. ‘करीन’ का ‘करेन’ ह्यावरही चौथीत वेळ घालवू नका, दोन्ही चालू द्या.

‘उद्या’च्या ओळीला एक अट मात्र घालायची. असं काहीतरी लिहायचं जे होईल का नाही हे नक्की माहीत नाही, आणि जे उद्याच कळेल. नाहीतर काय होतं, ‘उद्या मी उठेन, दात घासेन, शाळेला येईन’ अशी दिनक्रमाचीच गाडी भविष्यकाळात सुरू होते, किंवा मग ‘मी मोठेपणी पोलीस होईन’, जे तपासायला आपल्याला पंधरा वर्षं थांबावं लागेल. ‘उद्या म्हैस व्याईल’, ‘उद्या आत्या येईल’, ‘उद्या पाऊस पडेल’ असली वाक्यं सोन्यासारखी, कारण सकाळी मूल स्वतःहून सांगायला येतं, ‘बाई व्याली, रेडी झाली’.

ह्यात अजून एक फायदा आहे, वाक्य ‘मी’च्या बाहेर पडतं. नुसत्या ‘मी’वर रोजनिशी चालली तर मुलाला ‘उठतो, उठलो, उठेन’ एवढंच येतं, तो, ती, ते, आम्ही सगळे राहून जातात. म्हणून रोजच्या तीन वाक्यांतलं एक घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल हवंच. म्हैस चालेल, कोंबडी चालेल, शेजारच्या काकू चालतील.

आता ‘मी भाकरी खाल्लो’. ह्याच्यावर जरा थांबते, कारण ह्यावर लाल पेनाचा काही उपयोग नाही आणि मूल चुकतं त्याला खरंच कारण आहे.

मघाच्या म्हशीचंच वाक्य घ्या. म्हैस दूध देते. काल म्हशीनं दूध दिलं. उद्या म्हैस दूध देईल. वर्तमानात आणि भविष्यात क्रियापद म्हशीकडं बघतं, पण भूतकाळात ‘म्हैस’चं ‘म्हशीनं’ झालं आणि क्रियापद तिला सोडून दुधाकडं बघायला लागलं, म्हणून ‘दिलं’. दुधाच्या जागी धडक सांगायची असेल तर ‘म्हशीनं धडक दिली’. मराठीत भूतकाळात कर्म असलं की बहुतेक वेळा असंच होतं, आणि हे मुलांना येतं, कुठलंही मूल ‘आज्जी भाकरी खाल्ली’ म्हणत नाही, ‘आज्जीनं भाकरी खाल्ली’ असंच म्हणतं. मग ‘मी’लाच का अडतं? कारण ‘मी’ला ‘नं’ दिसत नाही. आज्जीचं आज्जीनं होतं, बाबांचं बाबांनी होतं, पण मी तो मीच राहतो. जुन्या अभंगांमध्ये ह्यासाठी ‘म्यां’ असं वेगळं रूप सापडतं, आज आपण दोन्हीकडं ‘मी’च म्हणतो. मुलाला ‘मी उठलो, मी गेलो, मी बसलो’ अशी सवय लागलेली असते आणि त्याच ओघात ‘मी खाल्लो’ येतं. त्यात तुमच्या भागात बोलताना सुद्धा असं कानावर पडतं, मग तर काय.

म्हणून मी नियम सांगायचं सोडलं आणि अदलाबदल शिकवली. वाक्यात अडलं की ‘मी’ काढायचा, तिथं ‘ताई’ बसवायची, वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि ‘नं’ लागतो का ते ऐकायचं. ‘ताईनं भाकरी खाल्ली’, नं लागला, आता ताईनं काढून परत ‘मी’ ठेव, बाकी हात लावू नको, ‘मी भाकरी खाल्ली’. दुसरं, ‘ताई शेतात गेली’, नं लागला नाही, म्हणजे क्रियापद करणाऱ्याचंच ऐकणार, मुलगा असेल तर ‘मी शेतात गेलो’. ह्याची मजा अशी की जी क्रियापदं नियमाबाहेरची म्हणून व्याकरणाच्या पुस्तकात वेगळी पाठ करायला लावतात ती पण ह्यात बसतात. ‘ताई डबा विसरली’, नं नाही, म्हणून ‘मी डबा विसरलो’. ‘ताई पोहायला शिकली’, ‘मी पोहायला शिकलो’. ‘ताई जेवली’, ‘मी जेवलो’, पण ‘ताईनं जेवण केलं’, म्हणून ‘मी जेवण केलं’. सकर्मक अकर्मक हे शब्द काढावेच लागत नाहीत, ते पुढच्या वर्गांत येतील.

ह्यात एक अडथळा येतो तो मात्र आधीच माहीत असू द्या. दात घासण्याच्या वाक्यावर मुलगे अडतात. ‘ताईनं दात घासले’ म्हणून ‘मी दात घासले’, असं बरोबर निघतं, पण मुलगा लिहायला तयार होत नाही, कारण ‘घासले’ त्याला मुलीचं वाटतं, मुली ‘उठले, बसले, गेले’ म्हणतात (पुस्तकात तरी म्हणतात) तसंच हे ऐकू येतं. माझ्या वर्गात एक जण हट्टाने ‘मी दात घासलो’ लिहायचा आणि विचारलं तर म्हणायचा, मी काय पोरगी आहे का. त्याला मी म्हटलं, एकच दात घासला असतास तर? तो म्हणाला ‘मी दात घासला’. आणि सगळे? ‘घासले’. बरं, आणि पाटी? ‘घासली’. भांडं? ‘घासलं’. मग तू मुलगा आहेस हे वाक्यात कुठं आलं? कुठंच नाही, दातच बोलतायत. त्यानंतर ‘कोण बोलतंय’ हा वर्गातला परवलीचा प्रश्नच झाला, आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं, ‘कोण बोलतंय? केळं बोलतंय’. तुम्ही डब्यातल्याच वस्तू घेऊन हे करा, मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं बास.

हे सगळं तिसऱ्या आठवड्यात घ्या बरं का, त्याआधी नको. पहिल्या आठवड्यात शक्यतो उठलो, आलो, गेलो, पडलो, खेळलो, झोपलो असल्याच क्रियापदांना उत्तर मिळेल असे प्रश्न विचारा, म्हणजे काळ बदलणं आणि क्रियापद कुणाचं ऐकतं ही दोन लफडी एकदम अंगावर येत नाहीत. एखादं मूल मध्येच ‘मी करला’, ‘मी होमवर्क करला’ लिहील, ते ‘बस-बसला, वाच-वाचला’च्या चालीवर स्वतः तयार केलेलं असतं, म्हणजे डोकं चालवलंय त्याने. जा-गेला, ये-आला, कर-केला, खा-खाल्ला, दे-दिला, घे-घेतला, हो-झाला, अशी वाकडी जाणारी रूपं थोडीच आहेत पण रोज लागणारी तीच आहेत. त्यांची एक पट्टी भिंतीवर लावा आणि वहीत एखादं सापडलं की ज्याच्या वहीत सापडलं त्यालाच ते पट्टीवर चढवू द्या.

मुलींच्या ‘मी गेलो’बद्दल मी जरा ठामपणे बोलते. ती तुमच्याकडची बोली आहे ताई, तिथल्या आया आणि आज्ज्या असंच बोलतात, ‘मी आलो, मी जेवलो’. त्यावर लाल फुली मारू नका. आणि मुख्य म्हणजे आत्ता आपण काळ तपासतोय, ‘गेलो’ हा भूतकाळच आहे, त्या मुलीला काळ आलाय, तिला पूर्ण मार्क. एकदा सगळ्या वर्गाला सरळ सांगा की घरी ‘गेलो’ म्हणतो, पुस्तकात मुलगी ‘गेले’ लिहिते, दोन्ही आपलंच. मग हळूहळू वहीत ‘गेले’ येईल, सहा महिने लागतील, लागू देत. तसंच ‘जत्रेला गेलतो’, ‘मामा आलता’, म्हणजे गेलो होतो, आला होता, हाही भूतकाळ, चालू द्या. विदर्भातलं मूल ‘मी जाऊन राहिलो’ लिहील, तिथं मात्र थांबून विचारा, कारण शेवटी ‘राहिलो’ दिसलं तरी त्याचा अर्थ आत्ता जातोय असा आहे. भविष्यकाळात बघा काय गंमत, ‘मी जाईन’ मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकच. हे एकदा मुलांना शोधायला सांगा, त्यांना फार आवडतं.

आता दहापैकी दहाचं. फळ्यावरची वाक्यं कशी असतात, ‘काल मी गावाला गेलो’, ‘उद्या मी गावाला जाईन’, ‘मी रोज गावाला जातो’. मूल क्रियापदाकडं बघतच नाही, काल, उद्या, रोज बघून उत्तर देतं. तुम्ही तीच वाक्यं काल-उद्यावर कागदाची पट्टी ठेवून द्या, आणि बघा किती येतात ते. मी केलं तेव्हा निम्मा वर्ग गप्प झाला होता. त्यांना शेवटचा शब्द वाचायची सवयच नव्हती. म्हणून माझ्या वर्गात लिहून झालं की प्रत्येकाने स्वतः पेन्सिलने क्रियापदाखाली रेघ मारायची, आणि मी फक्त रेघेवरचे शब्द तपासायचे. त्या वहीत ऱ्हस्व दीर्घ तपासायचं नाही, सुवाच्य अक्षर बघायचं नाही. २७ वह्या दहा मिनिटांत होतात आणि तुमचा हातही वाचेल. लाल पेन तर नकोच, चुकलेल्या रेघेच्या शेजारी एक टिंब द्यायचं, मुलाने मोठ्याने म्हणून बघून स्वतः दुरुस्त करायचं.

रेघा मारायला लागले की एक-दोन चतुर मुलं ‘शेवटी ल आला की भूतकाळ’ असा शोध लावतील. उठला, गेली, खाल्लं, बरोबरच दिसतंय. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी सुद्धा रूपांना प्रत्ययावरूनच नावं दिली होती, ताख्यात, लाख्यात अशी, त्यामुळे शोध काही वाईट नाही. पण मग ‘येईल’ येतं, ‘उठेल’ येतं, तिथंही ल, आणि मूल त्याला भूतकाळ म्हणून मोकळं होतं. त्यावेळी ‘उठला’ आणि ‘उठेल’ एकाखाली एक लिहून द्यायचे आणि शेवटच्या ल-ला काय लागलंय ते बघायला सांगायचं. ‘उठला’त ल-ला काना आहे, ‘गेली’, ‘खाल्लं’मध्येही ल-ला काहीतरी लागलंयच. ‘उठेल’चा ल मोकळाच. ‘येईल’चाही मोकळाच. शेवटचा ल मोकळा राहिला की अजून व्हायचंय. एवढं चौथीला पुरतं.

चौथ्या आठवड्यात ‘आज’ काढा, त्याआधी वहीत ‘आज’ वापरायला बंदीच ठेवा. कारण बघा, आज सोमवार आहे. आज मी उशिरा उठलो. आज दुपारी खिचडी मिळेल. तिन्हींत आज, आणि तीन काळ. मुलांनी तोपर्यंत काल म्हणजे भूत, उद्या म्हणजे भविष्य असं गणित पक्कं केलेलं असतं, ते इथं मोडतं आणि मोडायलाच पाहिजे. ह्याच आठवड्यात ‘आहे, होता, असेल’ पण घ्या, ‘काल रविवार आहे’ असं बरेच जण लिहितात आणि आपल्या नजरेतून सुटतं, कारण त्यात काही ‘केलं’ असं नसतं.

आणि बोलण्यातले काळ वहीत आले तर गोंधळून जाऊ नका. ‘उद्या मी मामाकडं जातो’ हे मराठीत चालतं, आपण सगळेच बोलतो. रूप वर्तमानाचं, अर्थ उद्याचा. तुम्ही हाक मारता तेव्हा मूल बुटाची नाडी बांधत जागेवरूनच ‘आलो आलो’ म्हणतं, अजून आलेलं नसतं तरी आलो. घरातून निघताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. हे चुकीचं नाही, पण चौथीच्या मुलाला इथंच सगळं सांगत बसलं तर तो बावरेल. ‘उद्या जातो’ दिसलं की एवढंच म्हणा, छान, आता ह्याला ईन लावून दाखव.

आलंय का हे कसं कळणार, तर परीक्षेची वाट बघू नका. महिन्याभराने एका मुलाच्या (त्याला विचारून) वहीतलं जुनं पान घ्या, काल उद्या सगळे शब्द गाळून फळ्यावर लिहा, क्रियापदं तशीच ठेवा, आणि वर्गाला विचारा की ह्यात आधी काय झालं, अजून काय व्हायचं होतं, रोजचं काय आहे. बहुतेकांना सांगता आलं की आलं. जी चार पाच मुलं तरी अडतील त्यांना लिहायला लावू नका, आठवडाभर नुसतं तोंडी घ्या, तुम्ही लिहा आणि त्यांनी रेघ मारावी.

तर येत्या सोमवारी पहिलं पान लिहून घ्या आणि मंगळवारपासून ‘काल’ सुरू करा. एक बारीक अडचण शनिवारी येईल. शनिवारी ‘उद्या’ लिहिलं तर तो रविवार, आणि वही उघडणार सोमवारी. मग शनिवारची गोष्ट सोमवारी लिहायची तर ‘परवा’ म्हणावं लागेल, ‘परवा मामा आला’, आणि बुधवारबद्दल लिहायचं तरी ‘परवा’च, ‘परवा मामा येईल’. पहिले तीन शनिवार हे टाळा, ‘सोमवारी’ असं वाराचं नाव घालून लिहू द्या. चौथ्या शनिवारी मात्र मुद्दाम ‘परवा’ लिहायला लावा आणि सोमवारी त्यांना विचारा, हा परवा मागचा का पुढचा, आणि तुम्हाला कशावरून कळलं.